अनोळखी छोट्या व्यावसायिकाला पहिलं ईमेल: किती आणि काय लिहावं?

रेघ_आणि_वळण

नमस्कार मंडळी. मी स्वतंत्रपणे वेबसाइट डिझाइनचं काम करते. आतापर्यंत कामं ओळखीतून येत गेली. आता ज्यांचं काम मला मनापासून आवडतं अशा छोट्या व्यावसायिकांना स्वतःहून लिहायचं ठरवलं आहे. ओळख नसताना लिहायचं, तर समोरच्याला आपण गळ्यात पडतोय असं वाटता कामा नये, एवढी एकच अट मी स्वतःला घातली आहे.

पहिलं पत्र जुनं फर्निचर दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या कार्यशाळेला लिहायचं आहे. त्यांच्या कामाचे फोटो फार सुंदर आहेत. पण वेबसाइट फोनवर उघडली की फोन नंबर आणि कामाच्या वेळा वरच्या मोठ्या फोटोतच लिहिलेल्या दिसतात. अक्षरं इतकी बारीक की चिमटीत धरून मोठी करावी लागतात, आणि नंबरवर बोट ठेवलं तर काहीच होत नाही. मसुदा असा आहे:

> विषय: आपल्या वेबसाइटसाठी एक उत्तम प्रस्ताव
>
> आदरणीय महोदय/महोदया,
> सस्नेह नमस्कार. मी एक स्वतंत्र डिझायनर असून लोगो, माहितीपत्रक, वेबसाइट, पॅकेजिंग, सोशल मीडिया अशा सर्व सेवा देते. आपली वेबसाइट पाहिली. ती बरीच जुनी वाटते. आजच्या स्पर्धेच्या युगात पहिली छाप किती महत्त्वाची असते हे आपण जाणताच. सोबत माझ्या कामाचे नमुने व दरपत्रक जोडत आहे. या आठवड्यात ३० मिनिटांच्या कॉलसाठी आपली सोयीची वेळ कळवावी. आपल्या सकारात्मक प्रतिसादाच्या प्रतीक्षेत.

मोठ्याने वाचलं की जड वाटतं, पण नेमकं कुठे ते सापडत नाही. सांगाल का?

अंगणवेल

३० मिनिटांचा कॉल काढून टाका. बाकीचं नंतर बघू.

कातरवेळ

तुम्ही आम्हाला धाग्यात जे सांगितलंत ते पत्रात कुठेच नाही. नंबर फोटोत अडकला आहे, बोट ठेवून फोन लागत नाही, ही खरी बातमी. पत्रात तिचं "जुनी वाटते" झालं. "जुनी वाटते" हे तुमचं मत आहे, आणि ते ऐकून माणूस दुखावतो किंवा दुर्लक्ष करतो. "फोन लागत नाही" हे त्यांना स्वतःच्या फोनवर दहा सेकंदांत तपासता येतं.

दुसरं म्हणजे, पत्र उघडण्याआधी त्यांना काय दिसतं त्याचा विचार करा. फोनच्या इनबॉक्समध्ये पाठवणाऱ्याचं नाव, विषयाचे पाच-सहा शब्द आणि मजकुराची पहिली ओळ, एवढंच दिसतं. तुमच्या पत्राचं तिथे "एक उत्तम प्रस्ताव" आणि "आदरणीय महोदय/महोदया, सस्नेह नमस्कार" असं दिसेल. "महोदय/महोदया" मधली तिरकी रेघ एकटीच सांगते की पत्र कोणाला लिहिलंय ते लिहिणाऱ्याला ठाऊक नाही. वेबसाइटवर 'आमच्याविषयी' पानावर नाव असेलच. ते शोधून लिहा.

दार_उघडंच_आहे

मी या पत्रांच्या दुसऱ्या टोकाला बसतो, म्हणून लिहितो. वाद्यं दुरुस्त करण्याचा माझा छोटा व्यवसाय आहे. अशी पत्रं नेहमी येतात. मी ती कामाच्या मध्ये, उभ्यानेच फोनवर बघतो. "आपल्या साइटचं परीक्षण केलं असता अनेक त्रुटी आढळल्या" असं लिहिलेलं आणि एकही त्रुटी न सांगितलेलं पत्र मी लगेच काढून टाकतो. त्या माणसाने माझी साइट उघडलेलीच नसते.

एका पत्राला मात्र मी त्याच दिवशी उत्तर दिलं होतं. त्यात लिहिलं होतं की तुमच्या चौकशीच्या फॉर्ममध्ये मजकूर भरून 'पाठवा' दाबलं की पान पुन्हा कोरं होतं, आणि निरोप गेला की नाही ते कळत नाही. मी करून पाहिलं. निरोप येतच नव्हते. त्या बाईंना मी लगेच काम दिलं नाही, पण त्यांचं नाव लक्षात राहिलं. पुढे साइट नव्याने करायची वेळ आली तेव्हा पहिलं पत्र त्यांनाच लिहिलं.

कातरवेळ म्हणतात ते बरोबर आहे. मत नको, बातमी द्या.

शाईचा_डाग

एक तांत्रिक सूचना. "प्रस्ताव", "मोफत", "ऑफर" असे शब्द असले की पत्र थेट स्पॅममध्ये जातं, ते टाळा. पीडीएफ तर मुळीच जोडू नका. आणि पत्र उघडलं की नाही हे सांगणारं एखादं साधन वापरा. दोनदा उघडलं असेल तर समजायचं की रस आहे, मग लगेच फोन करायचा.

कातरवेळ

शाईचा_डाग, पीडीएफबद्दल सहमत. अनोळखी माणसाने पाठवलेली फाइल उघडायला लोक बिचकतात, आणि बिचकायलाच हवं. नमुने दाखवायचे तर सहीखाली तुमच्या साइटचा एक दुवा पुरे.

शब्दांचं मात्र तितकं सरळ नाही. एखाददुसऱ्या शब्दाने पत्र अडत नाही. पाठवणारा खरंच तोच आहे का आणि त्या पत्त्यावरून आधी कशी पत्रं गेली आहेत, याला जास्त वजन असतं. रेघ_आणि_वळण, तुम्ही स्वतःच्या डोमेनवरून लिहिणार असाल तर आधी एक पत्र स्वतःच्याच जीमेलवर पाठवा. संगणकावर ते उघडून तीन टिंबांच्या मेनूतून Show original निवडा. वरच्या तक्त्यात, पाठवणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या या तीन तपासण्यांसमोर `PASS` दिसायला हवं:

```
SPF
DKIM
DMARC
```

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने, आपल्या खात्यांवर पत्र पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे पहिल्या दोहोंपैकी निदान एक तरी असावं, असा नियम केला आहे. दिवसाला ५००० च्या वर पाठवणाऱ्यांना तिन्ही लागतात. तुम्ही एकेकच पत्र पाठवणार, तरी तिन्ही लावून घ्या. जिथून डोमेन घेतलं तिथल्या डीएनएसच्या पानावर या नोंदी घालाव्या लागतात. त्या नसतील तर कितीही नम्र पत्र लिहिलं तरी ते स्पॅममध्ये जाऊ शकतं किंवा परतही येऊ शकतं.

उघडलं की नाही ते सांगणारी साधनं पत्रात एक न दिसणारं चित्र लपवतात. ते चित्र सर्व्हरवरून मागवलं गेलं की 'उघडलं' अशी नोंद होते. अॅपलच्या मेल अॅपमध्ये २०२१ पासून अशी सोय आहे की माणसाने पत्र वाचलं नाही तरी चित्रं आधीच उतरवून ठेवली जातात. म्हणजे तुमची 'दोनदा उघडलं' ही नोंद खोटीही असू शकते. आणि खरी असली तरी, "तुम्ही पत्र उघडलंत म्हणून फोन केला" असं ऐकून कोणाला बरं वाटेल?

शाईचा_डाग

अॅपलचं माहीत नव्हतं. पण शब्दांबाबत मी अजूनही सावध राहीन. विषयाच्या ओळीत "उत्तम प्रस्ताव" असेल तर यंत्राने नाही अडवलं तरी माणूस अडवतोच.

कातरवेळ

हे मात्र शंभर टक्के मान्य.

नवी_पालवी

मी एका डिझाइन कंपनीत नोकरीसाठी अर्ज करतेय. हे पत्र तिथे चालेल का? त्यांच्या वेबसाइटमधल्या चुका सांगू का?

अंगणवेल

पालवी, नोकरीचा अर्ज वेगळा. तिथे माणसं हवीत असं त्यांनीच जाहीर केलेलं असतं. त्यांनी जे मागितलं असेल तेवढं नीट द्या. चुका सांगू नका. इथे कोणी काहीच मागितलेलं नाही, सगळी अडचण त्यातून येते.

कुंचलेवाली

माझी पद्धत या सगळ्यापेक्षा वेगळी आहे. मी त्यांचं मुख्य पान नव्याने डिझाइन करते आणि त्याचं चित्रच पाठवते. डोळ्यांनी दिसलं की पटतं. मला यातून कामं मिळाली आहेत. शब्दांत किती सांगणार?

दार_उघडंच_आहे

कुंचलेवाली, तुमच्या मेहनतीचा आदर ठेवून सांगतो, असं चित्र आलं की मला अवघडल्यासारखं होतं. कोणीतरी न विचारता माझ्यासाठी कित्येक तास घालवले, आता नाही कसं म्हणायचं? मग मी उत्तरच देत नाही. शिवाय त्या चित्रात माझ्या व्यवसायाबद्दल केलेले अंदाज असतात. मला एकदा पाठवलेल्या पानावर "आजच खरेदी करा" असं मोठं बटण होतं. मी काही विकतच नाही, दुरुस्त करतो.

कुंचलेवाली

विचारून पाठवलं तर? "एक कल्पना काढली आहे, पाठवू का?" असं?

दार_उघडंच_आहे

ते बरं. पण तरीही मला वाटेल की आधीच काढून बसल्या आहेत.

कुंचलेवाली

मला हे पटलेलं नाही. सगळे मालक तुमच्यासारखे नसतात, काहींना पाहिल्याशिवाय कळतच नाही. पण रेघ_आणि_वळण यांची अट गळ्यात न पडण्याची आहे. त्या अटीत माझी पद्धत बसत नाही, एवढं मानते.

रेघ_आणि_वळण

सगळ्यांचे आभार. एवढ्या बारकाईने कोणी वाचेल असं वाटलं नव्हतं. दुसरा मसुदा:

> विषय: वेबसाइटवरचा फोन नंबर
>
> नमस्कार (नाव),
> तुम्ही दुरुस्त केलेल्या वेताच्या खुर्च्यांचे फोटो पाहून मी थक्क झाले. इतकं सुंदर काम क्वचितच पाहायला मिळतं. मात्र तुमच्या वेबसाइटवर फोन नंबर फोटोत लिहिलेला असल्यामुळे मोबाइलवर तो लागत नाही. त्यामुळे तुमचे अनेक ग्राहक परत जात असणार. मी वेबसाइट डिझाइन करते आणि हे दुरुस्त करून देऊ शकते. याबद्दल कधी बोलता येईल?

पायवाट

पहिल्यापेक्षा किती तरी चांगलं. दोन जागा खटकल्या.

"अनेक ग्राहक परत जात असणार" हे तुम्हाला माहीत नाही. त्यांच्याकडे कदाचित सहा महिन्यांची कामं रांगेत असतील. नंबर लागत नाही हे तुम्ही पाहिलंय, ग्राहक परत गेलेले पाहिलेले नाहीत. जेवढं पाहिलं तेवढंच लिहा. अशा पत्रांत भीती घालण्याची सवय इतकी मुरलेली आहे की वाचणाऱ्याला ती लगेच कळते, आणि मग त्याच्या वरचं खरं वाक्यही खोटं वाटायला लागतं.

दुसरं, सुरुवातीचं कौतुक. तुमचं कौतुक खरं आहे, मला शंका नाही. पण अशी सगळीच पत्रं कौतुकाने सुरू होतात. पहिलं वाक्य कौतुकाचं असलं की वाचणारा पुढच्या 'मात्र' ची वाट बघायला लागतो. आणि तुमच्याही पत्रात 'मात्र' आलाच आहे.

रेघ_आणि_वळण

कौतुक काढायला जीवावर येतंय. खरं तर त्या खुर्च्यांमुळेच मी त्यांना लिहितेय.

पायवाट

मग ते त्यांचं उत्तर आल्यावर लिहा. तेव्हा मागे काही मागणी नसेल, म्हणून ते खरं पोचेल.

मोजपट्टी

मी वेबसाइट बांधण्याच्या बाजूचा माणूस, म्हणून बारीक अक्षरांमागचं कारण सांगतो. ते स्वतःला कळलं की पत्रात नेमकं लिहिता येतं. समजा वरचा फोटो १२०० पिक्सेल रुंद आहे आणि त्यात नंबर १८ पिक्सेल उंचीच्या अक्षरांत लिहिला आहे. संगणकावर तो छान दिसतो, म्हणून मालकाला कधी शंका येत नाही. फोनचा पडदा ३६० रुंदीचा धरला तर सगळा फोटो ०.३ पट होतो आणि अक्षर साधारण साडेपाच पिक्सेलवर येतं. ते वाचता येत नाही. नंबर मजकूर म्हणून लिहिला असता तर फोटो लहान झाला तरी अक्षर आपल्या मापाचं राहिलं असतं. शिवाय त्याला `tel:` असा दुवा लावला की बोट ठेवल्यावर फोन लागतो. ज्यांना दिसत नाही त्यांचं पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही फोटोतला नंबर सहसा नीट वाचू शकत नाही, जोवर कोणी तो पर्यायी मजकुरात लिहिलेला नसतो.

पाठवण्याआधी एक करा. दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर, वाय-फाय बंद करून, साइट पुन्हा उघडून बघा. कधी कधी आपल्या ब्राउझरने जुनं पान साठवून ठेवलेलं असतं, आणि मालकाने ते कालच दुरुस्त केलेलं असतं. नसलेला दोष सांगणारं पत्र गेलं तर विषय तिथेच संपतो. आणि वेळा नकाशावरच्या त्यांच्या नोंदीशी जुळतात का तेही बघा. फोटोतला मजकूर बदलायला पुन्हा फोटो बनवावा लागतो, म्हणून तो बहुधा जुनाच राहतो.

रेघ_आणि_वळण

मोजपट्टी, बहिणीच्या फोनवर तपासलं. नंबरचं तसंच आहे. आणि वेळांचं तुम्ही म्हणालात तेच निघालं! फोटोत सोमवारी बंद लिहिलंय, नकाशावरच्या नोंदीत सोमवारी सुरू आहे. हे लिहू का?

मोजपट्टी

नक्की लिहा. पण कुठली बरोबर ते आपल्याला माहीत नाही, म्हणून "चुकीची आहे" म्हणू नका. "वेगळी आहे" म्हणा.

शाईचा_डाग

एक शंका. नंबर मजकुरात टाका, दुवा लावा, हा उपायच पत्रात सांगून टाकला तर ते तुम्हाला काम कशाला देतील? मी तर "काही गोष्टी लक्षात आल्या आहेत, सविस्तर बोलू" एवढंच लिहीन.

दार_उघडंच_आहे

शाईचा_डाग, मालक म्हणून सांगतो, "काही गोष्टी लक्षात आल्या आहेत" हे वाक्य वाचलं की मी पत्र मिटतो. आणि उपाय कळला म्हणून मी स्वतः करायला बसतो असं नाही. माझी साइट ज्याने केली तो मुलगा आता दुसऱ्याच क्षेत्रात आहे. कोणाला सांगायचं हाच माझा प्रश्न असतो. समजा माझ्याकडे कोणी आहे आणि मी त्याच्याकडून करून घेतलं, तर काय बिघडलं? त्या कामासाठी मला बाहेरच्या डिझायनरची गरज तशीही नव्हती.

पायवाट

यातूनच पत्राचा सांगाडा मिळतो असं मला वाटतं. काय दिसलं ते सांगा. साइट सांभाळणाऱ्याला मालकाने काय सांगायचं ते सांगा. तसं कोणी नसेल तर मी करू शकते, म्हणा. मग एकच प्रश्न, ज्याचं उत्तर 'हो' किंवा 'नको' एवढ्या एका शब्दात देता येईल. "कधी बोलता येईल?" या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर माणसाला आधी ठरवावं लागतं, मग वेळापत्रक बघावं लागतं, मग लिहावं लागतं. "खर्च आणि वेळ लिहून पाठवू का?" याला उभ्या उभ्या उत्तर देता येतं.

कुंचलेवाली

खर्च थेट पत्रातच का नाही लिहायचा? काम एवढं छोटं आहे. लपवल्यासारखं वाटतं.

पायवाट

साइट कशावर बांधली आहे ते आत गेल्याशिवाय कळत नाही. पाच मिनिटांचंही असेल किंवा सगळा साचाच बदलावा लागेल. आधी लिहिलेला आकडा मग वाढवावा लागला तर वाईट दिसतं.

कुंचलेवाली

निदान 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' तरी सांगता येईल. मला माझ्या खिशाला परवडेल का हे न कळता 'हो' म्हणायला मी तरी कचरेन.

दार_उघडंच_आहे

इथे मी कुंचलेवालींच्या बाजूने. पण आकडा नसला म्हणून पत्र टाकून देणार नाही.

कलमदान

कायद्याचं थोडक्यात. अशा पत्रांचे नियम देशागणिक वेगळे आहेत, म्हणून ज्याला लिहिताय त्याच्या देशाचा नियम बघा. अमेरिकेचा २००३ चा कॅन-स्पॅम कायदा व्यवसायाने व्यवसायाला लिहिलेल्या जाहिरातवजा पत्रालाही लागू होतो. पाठवणाऱ्याचा खरा टपाली पत्ता आणि 'पुन्हा लिहू नका' म्हणण्याची सोय त्यात असावी लागते, आणि विषयाची ओळ फसवी असून चालत नाही. काहीजण पहिल्याच पत्राच्या विषयात `Re:` लावतात, आधी बोलणं झाल्यासारखं भासवायला. ते कायद्यातही बसत नाही आणि सभ्यतेतही नाही. कॅनडाचा नियम याहून कडक आहे, तिथे मुळात संमती लागते, काही ठरावीक सवलती सोडून.

रेघ_आणि_वळण

तिसरा मसुदा:

> विषय: वेबसाइटवरचा नंबर मोबाइलवर लागत नाही
>
> नमस्कार (नाव),
>
> तुमची वेबसाइट फोनवर पाहिली. नंबर आणि वेळा वरच्या फोटोतच लिहिलेल्या असल्यामुळे अक्षरं फार बारीक दिसतात, आणि नंबरवर बोट ठेवून फोन लागत नाही. सोमवारची वेळ नकाशावरच्या नोंदीपेक्षा वेगळी आहे.
>
> साइट सांभाळणाऱ्यांना "नंबर आणि वेळा फोटोतून काढून मजकुरात टाका आणि नंबरला फोनचा दुवा लावा" एवढं सांगितलं तर पुरेल.
>
> तसं कोणी नसेल तर मी करून देऊ शकेन. मी छोट्या व्यवसायांसाठी वेबसाइट डिझाइन करते. खर्च आणि वेळ लिहून पाठवू का?
>
> गरज नसेल तर उत्तर नाही दिलं तरी चालेल.
>
> (माझं नाव, टपाली पत्ता, माझ्या कामाचा दुवा)

अंगणवेल

हे वाचून मीच माझी साइट फोनवर उघडून बघितली. 🙂 छान झालंय.

दार_उघडंच_आहे

याला मी उत्तर दिलं असतं.

शाईचा_डाग

चांगलं आहे. आता आठवण कधी करायची? आठवड्याने एक, मग पुन्हा आठवड्याने एक, असं मी ऐकलं आहे. पहिलं पत्र बऱ्याचदा नजरेतून सुटतं हे खरंच आहे.

पायवाट

थांबा. "उत्तर नाही दिलं तरी चालेल" असं लिहिल्यावर आठवण कशी करणार? ते वाक्य लिहिलं म्हणजे शब्द दिला. आठवण करायची असेल तर ते वाक्य काढा. दोन्ही एकत्र राहू शकत नाहीत.

दार_उघडंच_आहे

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. एक आठवण मला चालते. दहाएक दिवसांनी, त्याच पत्राच्या साखळीत, दोन ओळींत. "माझं आधीचं पत्र वाचलंत का" असं विचारणारी नको. मी खरोखरच काही पत्रं "नंतर बघू" म्हणून ठेवतो आणि विसरतो.

कातरवेळ

मी ते वाक्य काढून एक आठवण करण्याच्या बाजूने आहे. आठवणीनंतर मात्र पूर्णविराम. दुसरी आठवण आली की नम्रपणा संपला असं समजा.

पायवाट

मी वाक्य ठेवून आठवण न करण्याच्या बाजूने. ज्याला खरंच गरज आहे तो नंबर तपासून बघेलच.

रेघ_आणि_वळण

दोन्ही बाजू पटतात. या पत्रात वाक्य ठेवते, आठवण करणार नाही. एसपीएफ वगैरे तिन्ही तपासलं, डीमार्कची नोंद नव्हती, ती घातली. आज सकाळी पाठवलं.

रेघ_आणि_वळण

उत्तर आलं! जसंच्या तसं इथे देत नाही, मथितार्थ सांगते. तो फोटो त्यांच्या भाचीने बनवला होता, साइटही तीच बघते. तिला निरोप दिला आहे. सोमवारी आता सुरू असतं, फोटोतली वेळ जुनी होती. कळवल्याबद्दल आभार मानले आहेत. कामाचं काही म्हटलेलं नाही. आता काय लिहू?

शाईचा_डाग

आत्ताच दरपत्रक पाठवा, लोखंड गरम आहे.

दार_उघडंच_आहे

कृपया नको. त्यांनी 'पाठवा' म्हटलेलं नाही.

पायवाट

वेताच्या खुर्च्यांबद्दल लिहायची हीच वेळ. भाचीला निरोप दिलात हे ऐकून बरं वाटलं, खुर्च्यांचं काम फार आवडलं, बस. तुमच्या साइटचा दुवा सहीत आहेच.

रेघ_आणि_वळण

तसंच लिहिलं. विणीचा कुठला फोटो आवडला तेही नेमकं सांगितलं.

नवी_पालवी

नोकरीचं कळलं, धन्यवाद. आता वेगळं विचारते. हाच मसुदा ठेवून बाकीच्या व्यावसायिकांना पाठवला तर चालेल का? नाव तेवढं बदलायचं.

मोजपट्टी

नाव बदलून भागणार नाही, पहिला परिच्छेद प्रत्येक वेळी नव्याने शोधावा लागेल. त्यासाठी मी एक ठरावीक फेरी मारतो. साइट फोनवर उघडायची. ग्राहक म्हणून एक काम पूर्ण करायचा प्रयत्न करायचा: फोन लावणं, वेळ बघणं, चौकशी करणं किंवा पत्ता शोधणं, जे त्या व्यवसायात लोक सर्वात जास्त करत असतील ते. जिथे अडलं तिथे पत्राचा विषय सापडतो. चौकशीच्या फॉर्ममध्ये खोटी चौकशी मात्र भरू नका, समोरच्याचा वेळ जातो. फॉर्म तपासायचाच तर त्यातच खरं नाव देऊन "फॉर्म चालतो का पाहण्यासाठी लिहीत आहे" असं लिहा.

कुंचलेवाली

आणि कुठेच अडलं नाही तर?

मोजपट्टी

मग त्यांना लिहू नका. ओढूनताणून शोधलेला दोष लगेच कळतो. "बटणाचा रंग बदलता येईल" हे पत्र लिहिण्याजोगं कारण नाही.

कातरवेळ

एक अपवाद सुचवतो. कधी साइट ठीक असते, पण व्यवसाय पुढे गेलेला असतो. त्यांनी कुठेतरी नवीन सेवा सुरू केल्याचं जाहीर केलेलं असतं आणि साइटवर तिचा उल्लेखही नसतो. तेही डोळ्यांनी पाहिलेलंच आहे, त्याबद्दल लिहिता येईल.

दार_उघडंच_आहे

त्यात एक सांभाळा. कधी कधी आम्ही मुद्दामच लिहिलेलं नसतं, कारण नवीन काम थोड्याच लोकांसाठी करून बघत असतो. तेव्हा "राहून गेलं आहे" असं न लिहिता, "साइटवर दिसलं नाही, मुद्दाम ठेवलं असेल तर हरकत नाही" असं लिहा.

नवी_पालवी

हे लिहून ठेवते. आज फेरी मारायला सुरुवात करते, मसुदा झाला की इथेच टाकते.